नाक दाबलं की कान उघडतो

विमान पुण्यात उतरलं तेव्हा नवरा माझ्याशी काहीतरी बोलत होता आणि मला तो काचेच्या टाकीतल्या माशासारखा दिसत होता. तोंड उघडतंय, मिटतंय, आवाज नाही. लग्नाच्या एकोणीस वर्षांत अशी शांतता प्रथमच लाभली होती, पण ती उपभोगायच्या स्थितीत मी नव्हते. डाव्या कानात कोणीतरी दाभण खुपसून ठेवलं होतं.

आम्ही नागपूरला चुलतबहिणीच्या लग्नाला गेलो होतो. जानेवारीची थंडी, हळदीला ओले केस, आणि वर दोन सकाळी नाकातून पाणी येईपर्यंत खाल्लेले तर्री पोहे. तिसऱ्या दिवशी त्या पाण्याचा तर्रीशी काही संबंध उरला नाही. नाक चोंदलं, आवाज बसला. माझा चार वर्षांचा पुतण्या चिन्मय त्याच मांडवात, त्याच सर्दीने शेंबडा झाला होता. दीर-जाऊ त्याला घेऊन रेल्वेने परतले, आम्ही विमानाने. वेळ वाचवायला. तो वाचलेला वेळ पुढे कुठे गेला ते सांगतेच.

विमान वर चढताना कानाने फारशी कुरकुर केली नाही, त्यामुळे मी निर्धास्तपणे झोपले. तीच चूक. जाग आली ती कळ आल्यामुळे. विमान उतरत होतं, माझा डावा कान आत खेचला जात होता, आणि हवाई सुंदरी सगळ्यांना पट्टे बांधायला सांगत होती. मी घाबरून आवंढे गिळले, जांभया दिल्या, शेजारच्या आजोबांनी पुढे केलेली लिमलेटची गोळी चघळली. उजवा कान ‘टक्’ करून सुटला. डावा ढिम्म.

घरी आल्यावर दुखणं ओसरलं, पण दडा तसाच राहिला. कानाला दडा बसला की बाहेरचं जग लांब जातं आणि आपण स्वतःच्या डोक्यात राहायला येतो. माझाच आवाज मला रिकाम्या पिंपात तोंड घालून बोलल्यासारखा ऐकू यायचा. लग्नातल्या फराळातली चकली चावली तर डोक्यात खडी फोडण्याचं काम सुरू झाल्यासारखं वाटे. ऑफिसात डाव्या बाजूला बसणाऱ्या सहकाऱ्याला तीन दिवस वाटत होतं की मी त्याच्यावर रागावले आहे.

सासूबाईंनी पहिल्याच संध्याकाळी निदान केलं: ‘वारं शिरलंय.’ आणि लसणाची पाकळी घालून तेल कडकडवायला घेतलं. मी म्हटलं, आई, राहू दे. त्या म्हणाल्या, ‘कोमट करूनच घालते गं, मी काय कान तळणार आहे का?’ दोन थेंब पडले. कानातून लसणीच्या फोडणीचा वास येऊ लागला, बाकी काही झालं नाही. दुसऱ्या दिवशी शेजारच्या काकूंनी त्यांच्या यजमानांच्या मागच्या वर्षीच्या दुखण्यातले उरलेले थेंब आणून दिले. अर्धी बाटली शिल्लक होती, आणि वाया जाऊ नये ही त्यांची कळकळ होती.

इकडे दिराच्या घरी वेगळंच नाटक. गाडीतून उतरल्यावर दुसऱ्या रात्री चिन्मय दोन वाजता कान धरून किंचाळत उठला. अंगात १०२ ताप. पहाटेपर्यंत ठणका वाढतच गेला, मग अचानक कानातून पिवळट पू आला आणि पोरगं शांत झोपलं. जाऊबाईंना वाटलं, आजार निघून गेला. प्रत्यक्षात आतल्या दाबाने पडद्याला भोक पडून पू बाहेर वाट काढत होता, म्हणून ठणका थांबला. सकाळी त्याला डॉक्टरांनी अँटिबायोटिक दिलं. झालं! सासूबाईंनी फोन ठेवला आणि म्हणाल्या, ‘तुझंही तेच. एकाच लग्नातली सर्दी. त्याचंच औषध मोठ्या मापाने घे.’

हा युक्तिवाद इतका सरळ होता की मीच काय, कोणीही फसलं असतं. चौथ्या दिवशी मी कान-नाक-घशाच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले ती ‘चिन्मयचं औषध द्या’ असं सांगायला.

बाईंनी कानात दुर्बीण घातली आणि क्षणभर थांबून विचारलं, ‘लसूण?’

मी मान खाली घातली. त्यांनी नळीने तेल ओढून काढलं. मग बाहेरचा कान धरून वर-मागे ओढला, कानाच्या तोंडाशी जो कुरकुरीत उंचवटा असतो तो दाबला. दुखलं नाही. म्हणजे बाहेरच्या भोकात काही पिकलेलं नाही, तिथे पिकलं असतं तर एवढ्यावर मी खुर्चीतून उडाले असते. मग प्रश्न. ताप? नाही. कानातून पाणी, पू? लसूण सोडून काही नाही. गरगरतं का? नाही. दुखायला कधी लागलं? विमान उतरताना. आणि आता वाढतंय की कमी? कमी. त्या म्हणाल्या, ‘अर्धं निदान इथेच झालं.’

मग पडद्यावर माझ्या कानाचा पडदा दाखवला. मला वाटलं होतं लालभडक काहीतरी असेल. तो तर फिकट पिवळसर, आत ओढलेला, आणि त्याच्यामागे सरबतात दिसतात तसे दोन-तीन बुडबुडे. ‘तुमच्या पुतण्याचा पडदा भोक पडण्याआधी याच्या उलट असणार,’ बाई म्हणाल्या. ‘लाल आणि बाहेर फुगलेला. त्याच्या कानात पू दाटला होता. तुमच्या कानात हवा कमी पडली आहे.’

त्यांनी मला पर्स उघडायला लावली. विमानात पिऊन संपवलेली पाण्याची बाटली त्यात अजून होती, झाकण घट्ट लावलेली. (मी बाटल्या टाकत नाही, त्यांत नंतर फिनेल भरते.) ती चिपाड झाली होती. विमानाच्या आत हवेचा दाब साधारण सहा ते आठ हजार फुटांवरच्या डोंगरावर असतो तेवढा ठेवतात, म्हणजे सिमल्यात बसल्यासारखं. बाटली सिमल्यात बंद केली आणि अर्ध्या तासात पुण्यात आणली, तर बाहेरची दाट हवा तिला चेपणारच. पडद्यामागे कानाचीही अशीच एक हवेची खोली असते. तिला झाकण नसतं, पण मागच्या दाराने एक नळी असते, सुमारे साडेतीन सेंटिमीटरची, कानापासून नाकाच्या मागे घशापर्यंत. सोळाव्या शतकातल्या युस्टाकी नावाच्या इटालियन वैद्याच्या नावाने तिला युस्टेशियन नळी म्हणतात. ही नळी एरवी मिटलेली असते. आपण गिळतो किंवा जांभई देतो तेव्हा टाळूचा एक स्नायू तिला क्षणभर ओढून उघडतो. तोच तो ‘टक्’.

विमान चढताना आतली हवा फुगते आणि आपलीआपण नळीतून बाहेर ढकलली जाते. उतरताना मात्र हवा आत घ्यावी लागते, आणि मिटलेल्या नळीचं तोंड बाहेरच्या दाबाने आणखी चिकटतं. सर्दीने ते आधीच सुजलेलं. त्यात मी झोपलेले, आणि झोपेत माणूस फार कमी गिळतो. एकदा दाबातला फरक फार वाढला की नुसत्या गिळण्याने नळी उघडत नाही. मग पडदा आत खेचला जातो, कळ येते, आणि आतल्या अस्तरातून पाणी झिरपून ती पोकळी भरते. जंतू नाहीत, पू नाही. चिन्मयच्या दुखण्याला विमानाची गरजच पडली नाही. लहान मुलांची नळी आखूड आणि जवळजवळ आडवी असते, त्यामुळे सर्दीतून जंतू सहज वर चढतात.

‘माझ्याही पाण्यात नंतर जंतू होऊ शकतात ना?’ मी शेवटची आशा म्हणून विचारलं.

‘होऊ शकतात. मग ताप येईल, ठणका कमी व्हायच्या ऐवजी वाढेल. तेव्हा या.’

मग त्यांनी एक नादकाटा काढला. संगीतवाल्यांकडे असतो तसा, दोन दांड्यांचा. टेबलावर नव्हे, स्वतःच्या कोपरावर आपटला आणि माझ्या कपाळाच्या मधोमध टेकवला. ‘कुठल्या कानात ऐकू येतंय?’ मला डाव्यात, म्हणजे बंद कानात मोठ्याने ऐकू येत होतं. हे सांगायची मला लाजच वाटली. ऐकू येत नाही म्हणून आले आणि त्याच कानाने जास्त ऐकते! पण बाई खूश झाल्या. बाहेरचा रस्ता बंद असला की बाहेरचा गोंगाट कमी होतो आणि हाडातून आलेला आवाज त्याच कानात ठळक वाटतो. म्हणूनच माझी चकली खडी फोडत होती. आवाज उजव्या, चांगल्या कानात गेला असता तर डाव्या कानाची नस बसल्याची शंका आली असती, आणि त्यात दिवस मोजून चालत नाही, लगेच औषध सुरू करावं लागतं. घरी ‘हं’ करून गुणगुणलं तरी साधारण तोच अंदाज येतो, पण तो अंदाजच.

‘मग औषध?’

‘कानाला काही नाही.’

मला चक्क फसवल्यासारखं वाटलं. त्यांनी समजावलं: पडदा अखंड आहे. त्याच्यापलीकडे वरून घातलेला थेंब जाणार कसा? लसूण असो की काकूंचे थेंब, ते सगळे बंद दाराबाहेर ताटकळत बसलेले. दार उघडायचं ते नाकातून. मिठाच्या पाण्याने नाक धुवायचं, नाक मोकळं करणारे थेंब जास्तीत जास्त चार-पाच दिवस, कारण त्यापुढे नाकालाच त्यांची सवय लागते आणि ते सोडले की जास्त चोंदतं. आणि सर्दी उतरल्यावर दिवसातून काही वेळा नाक चिमटीत धरून, तोंड मिटून, हळूच फुंकर मारायची. फुग्यासारखं जोर लावून नाही. भर सर्दीत तर नाहीच, शेंबूड कानात चढतो. नाक धरून पाण्याचा घोट गिळला तरी चालतो. कान सुटेपर्यंत विमान नको, आणि पुन्हा सर्दीत जावंच लागलं तर उतरायला लागायच्या अर्धा तास आधी नाकात थेंब घालून जागं राहायचं. ‘दोन-तीन आठवडे लागतील. त्याहून लांबलं तर या, नाकाच्या मागे काय आहे ते बघू.’

घरी सासूबाईंना सगळं सांगितलं. त्यांना पटलं नाही. तीनशे रुपयांचं पार्किंग आणि सातशे रुपयांची तपासणी देऊन कानाला काहीच औषध नाही, ही गोष्ट त्यांच्या दृष्टीने डॉक्टरांच्या शिक्षणावर शंका घेण्याजोगी होती.

मी मात्र नियमाने नाक दाबत राहिले. नाक दाबलं की तोंड उघडतं असं म्हणतात, माझं कानासाठी दाबणं चालू होतं. कधी आत ‘चुरूरू’ व्हायचं, अर्धा मिनिट जग जवळ यायचं, पुन्हा दूर. चिन्मय तोवर बरा होऊन बालवाडीत गेला. सोळाव्या दिवशी रात्री नवरा मला म्युच्युअल फंडाबद्दल समजावत होता. मी जबड्याची कड मोडेल अशी जांभई दिली आणि डावा कान ‘टक्’ करून उघडला. पंखा, फ्रिज, रस्त्यावरची रिक्षा सगळं एकदम आत आलं.

आणि स्वयंपाकघरातून, फोनवर, सासूबाईंचा आवाज अगदी स्वच्छ: ‘तेल नीट मुरू दिलं असतं ना, तर चार दिवसांत सुटला असता.’