कमी दरवाल्याला डावललं म्हणजे घोटाळाच का?

"४० लाखांची निविदा डावलून ५० लाखवाल्याला सल्लागाराचं काम दिलं. हा उघड घोटाळा आहे."

एवढ्यावरून तसं म्हणता येत नाही. निविदेतच गुणवत्तेला ७० आणि दराला ३० टक्के भार जाहीर केलेला असेल, तर हिशेब बदलतो. समजा, महागड्याला तांत्रिक गुण ८६ मिळाले, स्वस्ताला ७२. दराचे गुण स्वस्ताला १००, महागड्याला ४० भागिले ५० गुणिले १००, म्हणजे ८०. एकूण महागड्याचे ८४.२, स्वस्ताचे ८०.४.

संशय असेल तर माहिती अधिकारात समितीचं इतिवृत्त मागवा आणि आधी तारखा बघा. तांत्रिक गुणांवरच्या सह्या आर्थिक लिफाफा उघडण्यापूर्वीच्याच हव्यात. दर कळल्यावर गुण हलवणं फार सोपं असतं. मग शेरे वाचा. नुसतं 'अनुभव समाधानकारक, १२ गुण' हे मला तरी पुरेसं वाटत नाही. 'पाच कामांचा अनुभव मागितला होता, तीन कामांचेच पूर्णत्वाचे दाखले जोडले, म्हणून २० पैकी १२' असं लिहिलेलं आव्हानात टिकतं. आदेशात नसलेली कारणं नंतर प्रतिज्ञापत्रातून जोडता येत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने मोहिंदर सिंग गिल खटल्यात स्पष्ट केलं आहे.