झडप उघडली जाते, म्हणे

यंत्राची माहितीपुस्तिका लिहिताय? मग पहिला नियम पाठ करा: काम कोण करणार, हे वाचणाऱ्याला कळता कामा नये.

परवा रात्रपाळीला अशीच एक पुस्तिका हातात आली. 'दाब २ बारच्या खाली आल्यावर निचऱ्याची झडप उघडली जाते.' वाचून इतकं निवांत वाटलं! जाते तर जाऊ दे, म्हटलं, आणि हाताची घडी घालून उभा राहिलो. चाळीस मिनिटं. दाब कधीच उतरला होता, झडप मात्र ढिम्म. शेवटी वाकून पाहिलं, तर तिला हातानं फिरवायचं चाक! तोवर टाकीतलं रेझिन थंड होऊन दगड झालं होतं.

'द्वारे' सढळ हातानं वापरा.

'तपासले' लिहू नका. 'तपासण्यात आलेले आहे' लिहा, पानं भरतात.

मूळ पुस्तिका जर्मन असेल तर तुमची चंगळच. तिथे 'मान' नावाचं एक सर्वनाम आहे. ते कुणीही असतं: मी, तुम्ही, फोरमन, कुणीही. 'पुरुष' या अर्थाचा जर्मन शब्दही कानाला अगदी तसाच, लिहिताना फक्त एक 'न' जास्त. तेव्हा बिनधास्त 'माणूस' करून टाका. आमच्या पुस्तिकेत चौथ्या पानावर 'माणूस पंप बंद करतो' असं आहे. हा माणूस कुठल्या पाळीला येतो, ते अजून कळलेलं नाही.

त्याहून सरस जर्मन वळण म्हणजे 'इस्ट त्सू ओएफनेन'. संदर्भाप्रमाणे त्याचा अर्थ 'उघडलीच पाहिजे' होतो, नाहीतर 'उघडता येते'. कुठला घ्यायचा हे अजिबात ठरवू नका. 'उघडण्याजोगी आहे' लिहा आणि घरी जा. सुरक्षा झडप आहे? मग तर नक्कीच!

अहो, पण हे सोंग मराठीला लागतंच कशाला? प्रयोगशाळेच्या अहवालात 'नमुना १०५ अंश सेल्सिअसला वाळवला' एवढं पुरतं. व्याकरणात तोही कर्मणीच, पण कुणाचं अडत नाही. कारण तिथे तापमान महत्त्वाचं. वाळवणाऱ्याचं नाव कुणाला हवंय? यंत्रापुढे उभ्या असलेल्याला मात्र नेमकं तेच हवं असतं. मी करू की यंत्र करणार? त्यासाठी आपल्याकडे सरळ वाक्यं आहेत. यंत्र करणार असेल तर 'झडप आपोआप उघडते'. मला करायचं असेल तर 'झडप उघडावी'. माझ्या मर्जीवर असेल तर 'झडप उघडता येते'. शाळकरी पोरालाही जमतं हे! तुम्ही तिन्ही 'उघडली जाते'त कोंबता, कारण कुठलं खरं ते तुम्हालाच माहीत नसतं आणि यंत्रापर्यंत चालत जाऊन बघायचा कंटाळा येतो. आळशी आहात तुम्ही, आणि वर त्याला शास्त्रीय भाषा म्हणता.

आणि हो, ते रेझिन नंतर 'खरवडले गेले' नाही. मी खरवडलं. छिन्नीनं. दोन दिवस.