२७२ उद्रेक आणि आयतालेखाचे बदलते आकार

«हिस्टोग्राम म्हणजे डेटाचा फोटोच. बिन मोठे घेतले की फोटो थोडा धूसर होतो, लहान घेतले की स्पष्ट होतो, आकार मात्र तोच राहतो. सुरुवात कुठूनही करा, काही बिघडत नाही. सॉफ्टवेअर जे बिन देईल ते ठेवा आणि शंका वाटलीच तर आणखी लहान करा.»

हिस्टोग्राम, म्हणजे आयतालेख, याबद्दलचा हा सल्ला तपासण्यासाठी एकच डेटा पुरेसा आहे. अमेरिकेतील वायोमिंग राज्यात, यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानात, ओल्ड फेथफुल नावाचा गरम पाण्याचा फवारा आहे. R या संगणकप्रणालीबरोबर `faithful` नावाचा जो डेटा मिळतो, त्यात या फवाऱ्याच्या २७२ उद्रेकांच्या नोंदी आहेत. प्रत्येक उद्रेक किती मिनिटे टिकला आणि त्यानंतर पुढच्या उद्रेकासाठी किती मिनिटे थांबावे लागले, अशी ती जोडी आहे. आपण फक्त थांबण्याचा काळ घेऊ. तो पूर्ण मिनिटांत नोंदलेला असून सर्वांत कमी ४३, सर्वांत जास्त ९६ आणि सरासरी सुमारे ७१ मिनिटे आहे.

आधी पाच-पाच मिनिटांचे वर्ग, म्हणजेच बिन, पाडू. ४१ ते ४५, ४६ ते ५० असे करत ९६ ते १०० पर्यंत गेल्यास बारा वर्गांतील वारंवारता ओळीने अशा येतात: ४, २२, ३३, २४, १४, १०, २७, ५४, ५५, २३, ५, १. चित्र न काढताही यात दोन उंचवटे दिसतात. एक ५१ ते ५५ मिनिटांच्या आसपास आहे, दुसरा आणि मोठा ७६ ते ८५ मिनिटांच्या पट्ट्यात आहे, आणि त्यांच्यामध्ये ६१ ते ७० या दहा मिनिटांची दरी आहे, जिच्यात २७२ पैकी केवळ २४ नोंदी पडतात.

आता याच आकड्यांचे वीस-वीस मिनिटांचे वर्ग करू. ४१ ते ६० मध्ये ८३, ६१ ते ८० मध्ये १०५ आणि ८१ ते १०० मध्ये ८४ नोंदी येतात. म्हणजे मध्ये एक उंच स्तंभ आणि दोन्ही बाजूंना जवळपास सारखे दोन खांदे, असा घंटेसारखा सममित आकार तयार होतो, ज्याकडे पाहून कोणीही डेटा प्रसामान्य वितरणाचा असल्याचे निश्चिंतपणे लिहून टाकेल. याला धूसर होणे म्हणता येत नाही. धूसर फोटोत दोन माणसे पुसट दिसतात. इथे ती दोघेही गायब होऊन मधोमध तिसराच माणूस उभा राहिला आहे, आणि तोही जिथे कोणी नव्हते त्याच जागेला पोटात घेऊन.

असे का झाले, हे त्या १०५ ची फोड केली की कळते. त्यांतील दरीतल्या नोंदी २४ च आहेत. उरलेल्या ८१ नोंदी ७१ ते ८० मिनिटांच्या, म्हणजे दुसऱ्या उंचवट्याच्या डाव्या बाजूच्या आहेत. ८० मिनिटांवर पडलेल्या सीमेने तो उंचवटा ऐन शिखरावर चिरला, त्याचा एक भाग मधल्या वर्गात आणि दुसरा उजव्या वर्गात गेला, तर पहिला उंचवटा जवळजवळ संपूर्णपणे डाव्या वर्गात मावला. मोजणीत एकाही नोंदीची चूक नाही, तरीही निष्कर्ष उलटा निघतो.

सुरुवातीच्या जागेबद्दलचा दावा मला यांपैकी सर्वांत धोक्याचा वाटतो, कारण रुंदी बदलल्याचे निदान वाचकाच्या लक्षात येते. सुरुवात सरकल्याचे कोणी पाहतही नाही. शाळेच्या पुस्तकात वर्ग तयार करून दिलेले असतात, त्यामुळे ते कुठून सुरू करायचे हाही एक निर्णय असतो याची सवयच आपल्याला लागत नाही. रुंदी पंधरा मिनिटांची पक्की धरू आणि फक्त सुरुवात बदलू. ४१ पासून आरंभ केला तर चार वर्गांत ५९, ४८, १३६ आणि २९ नोंदी येतात. मधली घसरण पूर्वीइतकी खोल नसली, तरी दोन उंचवटे शिल्लक आहेत. आता पाच मिनिटे मागे, ३६ पासून आरंभ करू: २६, ७१, ९१, ८३ आणि १. चढण, एक शिखर, उतार. दरीचा मागमूसही नाही. R मध्ये हे दोन ओळींत पडताळता येते:

```
hist(faithful$waiting, breaks = seq(40, 100, by = 15))
hist(faithful$waiting, breaks = seq(35, 110, by = 15))
```

(R मध्ये वर्गाची वरची सीमा त्याच वर्गात धरली जाते, म्हणून ४० वरून सुरू होणाऱ्या पहिल्या वर्गात ४१ ते ५५ ही मिनिटे येतात. Python भाषेच्या NumPy या साधनसंचात नेमके उलट, म्हणजे खालची सीमा वर्गात धरतात. पूर्णांकांच्या डेटात या एवढ्याशा फरकानेही वारंवारता बदलतात, सीमा ४०.५, ५५.५ अशा अर्ध्यावर ठेवल्या की हा प्रश्नच उरत नाही.)

कारण साधे आहे. दरी सुमारे दहा मिनिटे रुंद आहे आणि वर्ग पंधरा मिनिटांचा. पहिल्या मांडणीत ५६ ते ७० हा वर्ग दरीवर बऱ्यापैकी बसला, म्हणून तो खाली गेला. दुसऱ्या मांडणीत दरी ६५ मिनिटांच्या सीमेवर दुभंगली, आणि तिचा प्रत्येक अर्धा भाग शेजारच्या उंचवट्यातील नोंदींनी भरून निघाला. सुरुवात कुठूनही केली तरी किमान एक वर्ग दरीत पूर्ण मावावा, अशी खात्री हवी असेल तर वर्गाची रुंदी दरीच्या निम्म्याहून जास्त असता कामा नये. इथे ती पाच मिनिटे येते. दहा मिनिटांच्या वर्गांवर ही मर्यादा लगेच जाणवते: ४१ पासून सुरुवात केल्यास ५७ नंतर २४ आणि मग ८१ अशी खोल दरी मिळते, तर ४६ पासून सुरुवात केल्यास ५५, ३८, ३७, १०९ असा उथळ खळगाच उरतो.

सॉफ्टवेअरच्या निवडीकडे वळू. R मध्ये काहीच सांगितले नाही तर १९२६ सालचा स्टर्जेसचा नियम वापरला जातो, ज्यात वर्गांची संख्या १ + log₂ n धरतात. २७२ नोंदींसाठी ती वर पूर्ण करून दहा येते, आणि मग R सोयीचे पूर्ण आकडे शोधत असल्यामुळे प्रत्यक्षात पाच मिनिटांचे बारा वर्ग मिळतात. म्हणजे या डेटात आपोआप मिळणारी निवड चांगली निघाली, हे मान्य केले पाहिजे. परंतु तो नियम फक्त नोंदींची संख्या पाहतो. दरी आहे की नाही, असल्यास किती रुंद आहे, याची त्याला कल्पनाच नसते. १९७९ चा स्कॉटचा नियम प्रमाण विचलन वापरतो आणि १९८१ चा फ्रीडमन व डायकोनिस यांचा नियम चतुर्थकांतर वापरतो. दोघांचेही उत्तर इथे सुमारे साडेसात मिनिटांच्या थोडे अलीकडे येते, म्हणजे आपल्या पाच मिनिटांच्या मर्यादेपेक्षा जवळपास दीडपट. त्यामागचे कारण पाहण्यासारखे आहे. स्कॉटचा गुणक एकाच घंटाकृती वितरणावरून काढलेला आहे. या डेटाचे प्रमाण विचलन साडेतेरा मिनिटांच्या वर आहे, पण त्यात मुख्यतः दोन उंचवट्यांमधील अंतर मोजले जाते. प्रत्येक उंचवट्याचा स्वतःचा पसारा त्याच्या निम्म्याहूनही कमी आहे. थोडक्यात, ज्या गोष्टीचा शोध घ्यायचा तीच सूत्राला वर्ग रुंद करायला लावते.

मग वर्ग लहान करत गेल्यास? ४३ ते ९६ ही एकूण ५४ वेगवेगळी मिनिटे आहेत. एकेका मिनिटाचा वर्ग केला तर सरासरी पाच नोंदी प्रत्येकाच्या वाट्याला येतात, आणि एवढ्या छोट्या संख्येत केवळ योगायोगाने दोन-तीनचा चढउतार सहज होतो. परिणामी चित्र कंगव्यासारखे दातेरी होते आणि त्यातला कोणता दाता खरा, हे सांगता येत नाही. वरील दोन्ही सूत्रांत रुंदी नोंदींच्या घनमूळाच्या व्यस्त प्रमाणात घटते, म्हणून निम्म्या रुंदीचे वर्ग तितक्याच विश्वासाने वापरायचे तर आठपट नोंदी, म्हणजे दोन हजारांहून अधिक उद्रेक हवेत.

त्याहून फसवी गोष्ट नोंदींच्या पूर्णांकपणातून येते. अडीच मिनिटांचे वर्ग केले तर एका वर्गात ४१ आणि ४२ अशी दोन मिनिटे येतात, पुढच्यात ४३, ४४ आणि ४५ अशी तीन, आणि हेच आळीपाळीने चालू राहते. एकाआड एक स्तंभ उंच दिसतो, आणि त्याचा फवाऱ्याशी काडीचाही संबंध नसतो. NumPy चा न सांगता मिळणारा दहा वर्गांचा पर्यायही यातून सुटत नाही. ५३ मिनिटांच्या पल्ल्याचे दहा भाग केले की प्रत्येक ५.३ मिनिटांचा होतो. त्यामुळे चार वर्गांत सहा-सहा मिनिटे पडतात आणि सहा वर्गांत पाच-पाच. ज्यांच्यात सहा पडली, त्यांना बसल्या जागी वीस टक्के जास्त वाव मिळाला. एकाआड एक किंवा ठरावीक अंतराने उंच होणारे स्तंभ दिसले की प्रथम नोंदी कोणत्या एककात पूर्ण केल्या आहेत ते पाहावे आणि रुंदी त्या एककाच्या पूर्ण पटीत घ्यावी.

उरतो तो रास्त प्रश्न: पाच मिनिटांच्या वर्गांतले दोन उंचवटे तरी खरे कशावरून? आयतालेखाच्या आत राहून याची निम्मीच खात्री करता येते. चार, पाच, सहा मिनिटांच्या रुंदीने आणि सुरुवात एकेक मिनिट सरकवून तो पुन्हा काढल्यावरही दरी टिकली पाहिजे. संचित वारंवारता पाहिली तर वर्गांवरचे अवलंबन आणखी कमी होते: ६० मिनिटांपर्यंत ८३ नोंदी, ७० पर्यंत १०७, ८० पर्यंत १८८. मधल्या दहा मिनिटांत वक्र जवळजवळ आडवा होतो आणि लगेच पुढे ताठ चढतो.

उरलेली निम्मी खात्री दुसऱ्या रकान्यातून मिळते. या नोंदींत उद्रेक दोन मिनिटांच्या आसपास टिकला, तर पुढची प्रतीक्षा साधारण ५५ मिनिटांची होती, आणि साडेचार मिनिटे टिकला तर ती ८० च्या पुढे जात होती, कारण मोठ्या उद्रेकात जास्त पाणी बाहेर पडते आणि ते पुन्हा भरून तापायला वेळ लागतो. म्हणूनच उद्यानाचे कर्मचारी पुढच्या उद्रेकाची वेळ सांगताना सरासरीवर न थांबता आधीचा उद्रेक किती टिकला ते घड्याळात पाहतात. ८३, १०५, ८४ या आयतालेखावर विसंबून जो या नोंदींच्या काळात ७१ व्या मिनिटाला फवाऱ्यापाशी पोहोचला असता, त्याचा लहान उद्रेकानंतरचा फवारा बहुधा उडून गेलेला असता, आणि मोठ्या उद्रेकानंतर त्याला आणखी दहा मिनिटे बाकावर बसावे लागले असते.