थीसिस असा लिहा की कोणी भांडूच नये

अमेरिकेत पदवीच्या पहिल्या वर्षाला गेलेली मराठी पोरं कॉम्प्युटर शिकायला गेलेली असोत नाहीतर बायोलॉजी, एक विषय बहुतेकांना चुकत नाही: फर्स्ट इयर कॉम्पोझिशन. हार्वर्डने १८८५ मध्ये पहिल्या वर्षाला लेखनाचा सक्तीचा वर्ग सुरू केला आणि तेव्हापासून तिथली नवखी पोरं दरवर्षी निबंध लिहीत आली आहेत. या सत्रात तुमच्या वर्गाने विषय निवडलाय सोशल मीडिया आणि किशोरवयीनांची झोप. साहजिकच आहे. वर्ग अठरा वर्षांच्या मुलांचा, आणि रात्री अकरा एकोणसाठच्या मुदतीमुळे कोणाचीच झोप झालेली नाही.

आधी फक्त थीसिस, म्हणजे वादनिबंधाचा मुख्य दावा सांगणारं एक वाक्य, आणि आउटलाइन द्यायची आहे. एका पानाचं काम. तरीही लोक त्यावर डोकं आपटतात, याचं मला नवल वाटतं. तुम्ही तर 'मोबाईल : शाप की वरदान' लिहून दहावी पास झालेली माणसं. तोच निबंध इंग्रजीत उतरवायचा. अर्धं पान शाप, अर्धं पान वरदान आणि शेवटी 'आपण त्याचा वापर कसा करतो यावर सारे अवलंबून आहे'. हे वाक्य मोबाईललाही चालतं, विज्ञानालाही चालतं आणि दूरदर्शनला चालून गेलेलं आहे. झोपेला का चालू नये?

थीसिसचं पहिलं पथ्य हे की तो वाचून कोणाचंही मन दुखता कामा नये. 'सोशल मीडियाचे किशोरवयीन मुलांच्या झोपेवर अनेक परिणाम होतात.' काय सुरेख वाक्य आहे बघा. परिणाम चांगले की वाईट, ते सांगितलेलं नाही. 'अनेक' म्हटल्यामुळे पुढे काहीही लिहायची मोकळीक राहिली. काही चिकित्सक लोक अशा वाक्याची उलट बाजू लिहून बघतात: 'सोशल मीडियाचा मुलांच्या झोपेवर काडीचाही परिणाम होत नाही.' मग हे मनापासून म्हणणारा शहाणा माणूस पृथ्वीवर सापडतो का, ते शोधतात. नाही सापडला, तर म्हणतात हा दावा नव्हे, ही नुसती माहिती. तुम्ही मात्र खूश व्हा. विरोधकच नाही म्हटल्यावर निवडणूक बिनविरोध झाली.

प्रोफेसरांनी 'जरा नेमकं करा' असा शेरा मारला तर घाबरू नका. वाक्याला तीन शेपट्या लावा. 'सोशल मीडियामुळे मुलं उशिरा झोपतात, त्यांचं अभ्यासात लक्ष लागत नाही आणि त्यांचं मानसिक आरोग्य बिघडतं.' तीन शेपट्या म्हणजे तीन परिच्छेद, पुढे प्रस्तावना आणि मागे समारोप, झाला पाच परिच्छेदांचा निबंध. आउटलाइनसुद्धा आपोआप तयार होते: रोमन दोन, झोप, रोमन तीन, अभ्यास, रोमन चार, मन. यातली झोप हे कारण आहे आणि बाकीची दोन तिची फळं, हे कोणाच्या लक्षात येत नाही, कारण रोमन आकड्यांपुढे तिघं सख्ख्या भावांसारखी एका रांगेत बसलेली असतात. तीन आणि चारची अदलाबदल करून बघा. काही बिघडतं का? अजिबात नाही. ज्या आउटलाइनमध्ये मुद्दे कसेही फिरवले तरी फरक पडत नाही, तिच्यात युक्तिवाद नसून यादी असते, असं जाणकार म्हणतात. यादी करायला सोपी असते, हे ते सांगत नाहीत.

आता पुरावा. निळ्या प्रकाशाला पर्याय नाही. फोनचा निळा प्रकाश मेलाटोनिन हे झोपेचं संप्रेरक दाबतो आणि झोप उडवतो, हे तुमच्या आत्यालासुद्धा फॉरवर्डमधून कळलेलं आहे. त्यासाठी २०१५ मध्ये अमेरिकेच्या विज्ञान अकादमीच्या नियतकालिकात आलेला हार्वर्डच्या मंडळींचा प्रयोग हमखास द्या. फक्त तो उघडून वाचू नका. वाचलात तर कळेल की त्यात बारा माणसं होती आणि ती तरुण प्रौढ होती, शाळकरी मुलं नव्हती. ती प्रयोगशाळेत मंद उजेडात राहत होती आणि झोपण्यापूर्वी चार तास पूर्ण उजेडावर ठेवलेल्या ई-रीडरवर वाचत बसत होती. तुलना होती कागदी पुस्तकाशी. ई-रीडरवर वाचल्यामुळे मेलाटोनिनचं घड्याळ दीड तासाने मागे पडलं, आणि झोप लागायला सुमारे दहा मिनिटं जास्त लागली.

दहा मिनिटं! तेही पुस्तक वाचून. त्यात ना इन्स्टाग्राम होतं, ना टिकटॉक, ना 'तिने माझी स्टोरी बघितली पण उत्तर का दिलं नाही' ही तगमग. म्हणजे हा प्रयोग प्रकाशाबद्दल बरंच सांगतो आणि सोशल मीडियाबद्दल जवळजवळ काहीच नाही. म्हणून म्हणतो, उघडूच नका. 'संशोधनाने सिद्ध झाले आहे की' लिहा आणि पुढच्या वाक्यावर या.

दुसरा पुरावा ग्लासगोचा घ्या. २०१६ मध्ये तिथल्या संशोधकांनी स्कॉटलंडमधल्या ४६७ शाळकरी मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. जी मुलं सोशल मीडिया जास्त वापरत, विशेषतः रात्री, त्यांची झोप जास्त खराब होती. हा पाहणीचा अभ्यास आहे. दोन गोष्टी एकत्र दिसल्या, एवढंच त्यातून कळतं. फोनमुळे झोप गेली, की झोप येत नाही म्हणून पोरगं फोन घेऊन पडलं, हे प्रश्नावलीला विचारता येत नाही. पण इतका विचार करत बसलात तर निबंध व्हायचा कधी? 'मुळे' हा प्रत्यय ठोकून द्या. दोन अक्षरांत कार्यकारणभाव सिद्ध होतो.

इथे एक धोक्याची सूचना. तुमच्या शेजारी एक मुलगी बसते. तिचं अनुकरण करू नका. तिने शनिवार-रविवार फुकट घालवून असला थीसिस आणला: 'सोशल मीडियामुळे काही मुलांची झोप लांबत असली, तरी राज्यांनी मुलांच्या खात्यांवर बंदी घालण्याआधी हायस्कुलं साडेआठनंतर सुरू करावीत, कारण मूल किती वाजता झोपलं याहून त्याला किती वाजता उठवलं जातं, हे कायद्याने बदलणं सोपं आहे.' आता यावर कोणीही भांडेल. पालक भांडतील, बसवाले भांडतील, फुटबॉलचा कोच तर पहिला भांडेल. 'असली तरी' म्हणून तिने समोरच्याचा मुद्दा आधीच कबूल करून टाकला आणि 'कारण' म्हणून स्वतःला कोपऱ्यात गाठून घेतलं. आता ते कारण तिलाच सिद्ध करायचं आहे.

तिच्या आउटलाइनमध्ये एकेका शब्दाचे मथळे नाहीत, सगळी पूर्ण वाक्यं आहेत. पहिलं वाक्य: वयात येताना शरीराचं घड्याळच मागे पडतं, त्यामुळे फोन नसला तरी या वयाला लवकर झोप येत नाही. दुसरं: या मुलांना आठ ते दहा तास झोप लागते, पण पहाटे बस पकडायची असेल तर ती कापली जाते शेवटच्या टोकाला. तिसरं: म्हणूनच अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने २०१४ मध्येच साडेआठच्या आधी शाळा भरवू नका म्हटलं, आणि कॅलिफोर्नियाने २०१९ मध्ये तसा कायदा करून २०२२ पासून हायस्कुलांना लागू केला. पहिलं वाक्य काढलं तर दुसरं लटकतं, दुसरं काढलं तर तिसऱ्यातल्या 'म्हणूनच'ला अर्थ उरत नाही. असं घर बांधलं की एक वीट काढायची सोय राहत नाही. किती गैरसोयीचं!

आणि विरोधी मताचं काय केलंन तिने? आपली रीत साधी आहे. 'काही लोकांच्या मते सोशल मीडिया चांगला आहे. परंतु ते चुकीचे आहेत.' एक बुजगावणं उभं करायचं, दोन फटके मारायचे, घरी यायचं. हिने खरा पहिलवान बोलावला: शाळा उशिरा भरली तर पोरं तेवढाच वेळ जास्त स्क्रोल करतील, मग फायदा काय? मग त्याला उत्तर शोधत ती सिएटलला पोचली. तिथे २०१६ मध्ये हायस्कुलांची वेळ सात पन्नासवरून आठ पंचेचाळीसवर नेली. संशोधकांनी दोन शाळांतल्या मुलांच्या मनगटावर पट्टे बांधून झोप मोजली, तर शाळेच्या दिवशीची झोप सुमारे ३४ मिनिटांनी वाढलेली निघाली. म्हणजे मिळालेला सगळा वेळ फोनने खाल्ला नाही.

इथे थांबली असती तर चाललं असतं. पण बाईंना स्वस्थता कुठली! तिने पुढे स्वतःच लिहिलं की शाळा ५५ मिनिटांनी पुढे गेली आणि झोप ३४ मिनिटांनीच वाढली, बाकीचा वेळ कुठेतरी गेलाच. शाळाही दोनच होत्या, आणि आधी मोजलेली मुलं आणि नंतर मोजलेली मुलं वेगळ्या वर्षांची होती. म्हणून तिने थीसिसच्या पहिल्या खर्ड्यात 'हायस्कुलं सुरू करावीत'च्या पुढे असलेलं 'म्हणजे प्रश्न सुटेल' खोडलं आणि 'बंदी घालण्याआधी' ठेवलं. पुरावा जेवढा पेलेल तेवढाच दावा. स्वतःच्या पायावर असा धोंडा पाडून घेणाऱ्या माणसाला काय म्हणावं?

प्रस्तावनेची मात्र काळजी नको, वाचकाला खेचणाऱ्या पहिल्या वाक्याच्या जागी आउटलाइनमध्ये 'हूक' एवढं लिहिलं तरी चालतं. नंतर 'आजच्या धकाधकीच्या जीवनात' याचं इंग्रजी 'इन टुडेज सोसायटी' टाका. समारोपात थीसिस शब्द बदलून पुन्हा लिहा.

मग एक दिवस प्रोफेसरांच्या केबिनमध्ये दहा मिनिटांच्या भेटीला बोलावणं येईल. त्या तुमचं पान समोर ठेवतील, 'अनेक परिणाम होतात'खाली पेन्सिलीने रेघ ओढतील आणि विचारतील, "या वाक्याशी कोण असहमत असेल, एक माणूस सांग." मान ताठ ठेवा आणि अभिमानाने सांगा, "कोणीच नाही, प्रोफेसर. त्यासाठीच तर एवढी मेहनत घेतलीय."