‘हिंमत नसेल तर धंद्यात पडू नये’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

प्रतिक्रिया अशी होती :

“ताई, लेख वाचला. बुजऱ्या माणसांना ‘सीएकडून काम घ्या आणि घरी बसून दुकानांचे हिशेब लिहा’ असं सांगणं म्हणजे पळवाट आहे. ज्याला गिऱ्हाईकासमोर उभं राहायची हिंमत नाही त्यानं धंद्यात पडूच नये, गपगुमान नोकरी करावी. दुसरं, सगळं काम एकाच सीएकडून येत असेल तर ती नोकरीच झाली, फक्त पीएफ नाही. तिसरं, हे सगळं आता सॉफ्टवेअर करतं. आणि GSTR-3B ची तारीख सगळ्यांना २० नसते, एवढं तरी तपासून लिहा. २२ वर्षं दुकान चालवतोय म्हणून बोललो, राग मानू नका.”

दादा, राग आला. ‘राग मानू नका’ असं शेवटी लिहिलं म्हणून वरचं सगळं गोड होत नाही. लेख आवडला नाही, हे तुम्ही दहा प्रकारे सांगू शकला असता. ‘गपगुमान’ हा शब्द तुम्ही निवडलात.

आधी तुमचं बरोबर आहे ते मान्य करते. तीन महिन्यांनी विवरणपत्र भरणाऱ्या छोट्या व्यापाऱ्यांना महाराष्ट्रात GSTR-3B साठी, म्हणजे जीएसटी ज्यातून भरतात त्या विवरणपत्रासाठी, २२ तारखेपर्यंत मुदत असते. मी सरसकट २० लिहिलं होतं. माझी सगळी गिऱ्हाइकं महिन्याच्या महिन्याला भरणारी आहेत, म्हणून हातातून तसं लिहून गेलं. चूक ती चूक. लेखात दुरुस्ती केली आहे.

आता तुमच्या त्या हिंमतीच्या वाक्याकडे येते.

बी.कॉम. झाल्यावर मी पहिली नोकरी धरली ती घरोघरी पाण्याची यंत्रं विकायची. रोज तीस दारं वाजवायची, असा नियम होता. पहिल्या दारापाशी पोचायच्या आधीच माझे तळहात ओले व्हायचे. आतून कुणी ‘नको’ म्हणालं की पुढच्या दाराकडे जायला मला दहा मिनिटं लागायची, त्या दहा मिनिटांत मी जिन्यात उभी राहायचे. आमचे साहेब रोज संध्याकाळी सगळ्यांसमोर माझा आकडा वाचायचे आणि अगदी तुमचंच वाक्य म्हणायचे : हिंमत नसेल तर या लाइनीत यायचं कशाला? चार महिन्यांनी मी ती नोकरी सोडली. पुढची तीन वर्षं मला खरंच वाटत होतं की आपल्यातच काहीतरी कमी आहे. त्यामुळे तुम्ही ते वाक्य सहज टाकलं असलं, तरी मी ते सहज वाचू शकत नाही.

त्यानंतर मी एका सीएंच्या ऑफिसात टॅलीत नोंदी करायला लागले. तिथं माझ्या लक्षात आलं की काही कामांत बोलणारा माणूस उपयोगाचा नसतो, बघणारा लागतो. महिन्याच्या १४ ते २० या तारखांमध्ये जे काम असतं, ते तसलं आहे. तुम्ही दुकानदार आहात, तेव्हा हे तुम्हाला ओळखीचं असेल. पण बाकीचे वाचक आहेत म्हणून सविस्तर लिहिते.

दुकानदार माल घेतो तेव्हा त्यावर कर भरतो. तो कर त्याला स्वतःच्या करातून वजा करून मिळतो, त्यालाच क्रेडिट म्हणतात, पण एका अटीवर. ज्यानं माल विकला त्यानं ते बिल स्वतःच्या विक्रीच्या विवरणपत्रात, म्हणजे GSTR-1 मध्ये, दाखवलं पाहिजे. ते दाखवायची मुदत साधारण पुढच्या महिन्याच्या ११ तारखेपर्यंत. मग १४ तारखेला जीएसटीच्या पोर्टलवर दुकानदाराच्या नावानं GSTR-2B तयार होतं, म्हणजे कुणी कुणी त्याच्या नावावर काय दाखवलं त्याची यादी. १ जानेवारी २०२२ पासून कायद्यातच आलं आहे की या यादीत नसलेल्या बिलाचं क्रेडिट घेता येत नाही. आणि २० तारखेपर्यंत GSTR-3B भरायचं असतं. मधले सहा दिवस दुकानाची खरेदी वही आणि ही यादी शेजारी शेजारी ठेवून एकेक ओळ लावायची, हे माझं काम. या सहा दिवसांत एकाही अनोळखी माणसाला मला काही विकावं लागत नाही.

एक महिना सांगते. एक हार्डवेअरचं दुकान, खरेदीची ६३ बिलं, यादीत ५८. पाच बिलं गायब. मालकांचे पहिले हिशेबनीस अशा वेळी वहीतला आकडाच भरून मोकळे व्हायचे. तसं केलं की त्या महिन्यात सगळं गोड दिसतं, पण मागाहून नोटीस आली की क्रेडिट परत भरावं लागतं आणि वापरलेलं असेल तर वर १८ टक्के व्याज.

मी पाचही बिलं समोर ठेवली. दोन बिलं एकाच कुलूप-बिजागरीवाल्याची होती. तो तीन महिन्यांनी भरणारा. अशा माणसाला मधल्या महिन्यांत १३ तारखेपर्यंत बिलं चढवायची सोय असते, पण सक्ती नसते. त्यानं ती चढवली नव्हती. म्हणजे बिल खोटं नाही, विक्रेता बुडवाही नाही, फक्त क्रेडिट तिमाही संपेपर्यंत येणार नाही. असा विक्रेता ओळखायचा कसा? मागच्या वर्षाच्या याद्या उघडायच्या. ज्याची बिलं तीन महिन्यांनी एकदम गठ्ठ्यानं दिसतात, तो हाच. अजून दोन बिलं महिन्याच्या ३१ तारखेची होती. त्या विक्रेत्यानं आपलं विवरणपत्रच ११ नंतर भरलं होतं, ती पुढच्या यादीत आपोआप आली.

पाचवं बिल रंगाचं. माल १,००,००० रुपयांचा, त्यावर कर १८,०००. विक्रेता नियमित भरणारा, त्याची बाकीची तिन्ही बिलं यादीत होती, हे एकच नाही. अशा वेळी संशय एका गोष्टीचा घ्यायचा : त्यानं बिल दाखवलंय, पण दुसऱ्याच्या नावावर. मी कागदी बिल मागवून आमचा जीएसटी क्रमांक एकेक अक्षर बोट ठेवून वाचला. शेवटून तिसरं अक्षर, जिथं १ असतो, तिथं २ छापलेला होता. तो आकडा एकाच पॅनवरच्या कितव्या नोंदणीचा क्रमांक आहे ते सांगतो. मालकांच्या पॅनवर दुसरी नोंदणी होती, त्यांच्या जुन्या गोडाऊनच्या नावाची. बिलावर शेवटच्या तपासणीच्या अक्षरासकट त्याच नोंदणीचा क्रमांक पडला होता. त्यामुळे पोर्टलनं चूक पकडली नाही, क्रमांक खराच होता. १८,००० रुपये भलत्याच खात्यावर जाऊन बसले होते.

इथं तुम्ही म्हणाल, मग विक्रेत्याशी बोलायला लागलंच की! हो, लागलं. मी त्याला व्हॉट्सॲपवर चार ओळी पाठवल्या : बिल क्रमांक, तारीख, छापलेला क्रमांक, खरा क्रमांक आणि खाली बिलाचा फोटो. त्याच्या हिशेबनिसानं पुढच्या GSTR-1 मध्ये दुरुस्ती केली आणि पुढच्या १४ तारखेला ते बिल यादीत दिसलं. त्या महिन्यात मी ते क्रेडिट घेतलं नव्हतं, मालकांना रोख कर थोडा जास्त भरावा लागला, आणि तसं मी त्यांना भरण्याआधी लिहून कळवलं होतं. फोनवर आवाज चढवून हेच काम झालं असतं का? कदाचित झालं असतं. पण मला लिहून नीट जमतं, आणि लिहिलेलं पुढं पुरावा म्हणून उरतं.

ही हिंमत नाही म्हणून केलेली पळवाट आहे, असं तुम्ही मला सांगता. मी त्याला कौशल्य म्हणते.

माझी आठ दुकानं आहेत. पहिलं दुकान कसं मिळालं तेही सांगते, कारण तिथंच बुजरा माणूस अडतो. नोकरी सोडल्यावर मी आमच्याच जुन्या सीएंना विचारलं की जुलैत तुमच्याकडे आयकर विवरणपत्रांची गर्दी असते, तेव्हा दोन दुकानांचं हे १४ ते २० चं काम मी घरून करू का? एका ओळखीच्या माणसाला एकदा विचारायचं होतं. दोन महिन्यांनी त्यांनीच ती दुकानं माझ्याकडे सोपवली. पुढची सहा त्या दोन मालकांच्या सांगण्यावरून आली. ऑडिट, सही आणि अधिकाऱ्यासमोर उभं राहणं हे सीएंचं काम, मी त्यात पाऊल टाकत नाही. आणि ओटीपीचा मोबाइल मालकांकडेच राहतो, तो मी कधीच माझ्याकडे घेत नाही.

किराणा दुकान मी घेत नाही. तिथं विक्रीच्या नोंदी प्रचंड आणि जुळवणीचं काम थोडं. हार्डवेअर, इलेक्ट्रिकल, औषधांचे घाऊक विक्रेते, जिथं खरेदीची बिलं बरीच आणि विक्रेते वेगवेगळे, तिथं या कामाला किंमत आहे.

एका गोष्टीत मात्र तुमचं वाक्य मला जिव्हारी लागलं, ते लपवत नाही. पैसे मागणं. एका मालकांनी माझे सात महिन्यांचे पैसे थकवले आणि मी दर महिन्याला फोन हातात घेऊन परत ठेवत होते. बोलायचं धैर्य अजूनही पुरतं आलेलं नाही. म्हणून मी एक पानाचा कागद केला : बिलं ५ तारखेपर्यंत पोचली पाहिजेत, त्यानंतर आलेली पुढच्या महिन्यात, आणि त्या महिन्याचे पैसे १० तारखेच्या आत, नाहीतर १४ ला यादी उघडणार नाही. नवीन दुकान घेताना पहिल्याच दिवशी तो सही करून घेते. एका मालकांना ते उद्धट वाटलं, ते गेले. बाकी सगळे वेळेवर देतात. समोरासमोर बोलता येत नाही तर नियम आधी लिहून द्यायचा, हा माझा मार्ग आहे. तुम्हाला तो आवडावा असा माझा आग्रह नाही.

एकाच सीएवर अवलंबून म्हणता, तर पहिली दोन दुकानं सीएंची, बाकीची सहा माझी स्वतःची. तेवढं पुरे. सॉफ्टवेअरबद्दल एवढंच, की बिल यादीत नाही हे ते क्षणात दाखवतं, मीही तेच वापरते. ते का नाही, हे त्या रंगाच्या बिलाच्या वेळी त्यानं सांगितलं नव्हतं. पीएफवरचा टोमणा मी सोडून देते.

तुम्ही २२ वर्षं दुकान चालवलंत, त्याचा मान आहे. पण २२ वर्षं काउंटरवर उभं राहिलेल्या माणसाला काउंटरमागे बसून वह्या लावणारा दिसत नाही, असं मला तुमच्या प्रतिक्रियेवरून वाटलं. तुमच्या दुकानाची जुळवणी कोण करतं, हे तुम्ही लिहिलं नाहीत. कोणीतरी करतच असेल. या महिन्यात त्याला एकदा विचारा की किती बिलं यादीत आली नाहीत आणि का.

आज १३ तारीख आहे. दोन दुकानांची बिलं अजून माझ्याकडे पोचायची आहेत, ती आता पुढच्या महिन्यात जातील. उद्या यादी उघडायची आहे, त्यामुळे २० पर्यंत इथल्या प्रतिक्रियांना उत्तर देता येणार नाही.