लायसोजेनिक फेज औषध म्हणून का चालत नाहीत? एका प्रतिक्रियेला उत्तर

«तुम्ही लायसोजेनिक फेजना उपचारातून बाद करून टाकलंत. पण तेही शेवटी जीवाणू फोडतातच ना, आज नाही तर उद्या? रचनाही सारखीच. मग हा दुजाभाव कशाला?»

फेज म्हणजे जीवाणूंना संसर्ग करणारे विषाणू. लायटिक फेज शिरल्यावर लगेच जीवाणू फोडतात, लायसोजेनिक मात्र त्याच्या आत लपून बसू शकतात. रचनेबद्दल तुमचं बरोबर आहे. लॅम्डा फेज घ्या. प्रथिनाचं वीस पृष्ठांचं डोकं, त्यात ठासून भरलेला डीएनए, खाली शेपूट आणि तिच्या टोकाला ई. कोलाय या जीवाणूच्या पृष्ठभागावरचं ठराविक प्रथिन ओळखणारा भाग. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली हा फेज लायसोजेनिक आहे, हे कुणालाही ओळखता येणार नाही. फरक पडतो तो डीएनए आत शिरल्यावर.

आत सीआय नावाचं दडपक प्रथिन पुरेसं साठलं, की पेशी फोडणारी जनुकं गप्प बसतात आणि फेजचा डीएनए जीवाणूच्या गुणसूत्रात सामील होतो. जीवाणू मजेत वाढत राहतो, फेजची प्रत पुढच्या पिढीला देत राहतो. तुमचा 'उद्या' बहुतेकदा अतिनील किरणांसारख्या कशाने तरी जीवाणूच्या डीएनएला इजा झाली तरच उगवतो.

पण खरी अडचण उशिराची नाहीच. तेच सीआय नंतर आत शिरणाऱ्या प्रत्येक लॅम्डालाही गप्प करतं. म्हणजे पहिल्या डोसातून वाचलेल्या जीवाणूंवर दुसरा डोस वाया! प्रयोगशाळेत हे नुसत्या डोळ्यांनी दिसतं: जीवाणूंच्या थरावर लायटिक फेज स्वच्छ, पारदर्शक ठिपका पाडतो, तर लॅम्डाचा ठिपका मध्ये गढूळ राहतो, कारण तिथे वाचलेले जीवाणू पुन्हा वाढलेले असतात. शिवाय असे फेज सोबत नको ती जनुकं आणू शकतात. घटसर्पाच्या विषाचं जनुक मुळात फेजचंच आहे.

मात्र बाद म्हणजे आहे त्या रूपात बाद. लंडनमधल्या एका पंधरा वर्षांच्या रुग्णाची हकीकत २०१९ मध्ये प्रसिद्ध झाली. सिस्टिक फायब्रोसिस हा आनुवंशिक आजार, फुप्फुसांचं प्रत्यारोपण आणि त्यानंतर प्रतिजैविकांना न जुमानणाऱ्या मायकोबॅक्टेरियम ॲबसेसस या जीवाणूचा संसर्ग. पिट्सबर्ग विद्यापीठातले फेज-संशोधक ग्रॅहम हॅटफुल यांच्या गटाने त्या जीवाणूवर चालतील असे तीन फेज निवडले. 'मडी' मुळातच लायटिक होता (तो सापडला होता कुजक्या वांग्यावर). 'झोईजे' आणि 'बीपीज' मात्र तुमच्या पंथातले. त्यांच्यातलं दडपकाचं काम बिघडवल्यावर त्यांना लपून बसताच येईना. 'बीपीज'चं त्या जीवाणूत शिरणंही जेमतेमच होतं, म्हणून त्याचा नीट शिरकाव करणारा उत्परिवर्ती प्रकार वेगळा निवडावा लागला.

मिश्रण दर बारा तासांनी शिरेतून दिलं. काही महिन्यांत छातीची जखम भरली, यकृताचं कार्य सुधारलं, त्वचेवरच्या गाठी हळूहळू ओसरू लागल्या. श्रेय सगळं फेजचं का? एकच रुग्ण, तुलनेला दुसरा गट नाही, त्यामुळे छातीठोकपणे सांगता येत नाही. आणि हेच मिश्रण ॲबसेससच्या दुसऱ्या रुग्णाला सरळ देता येत नाही. त्याच्या जीवाणूचा स्ट्रेन वेगळा निघाला, तर फेज आत शिरतात का इथपासून पुन्हा तपासावं लागतं.