बॅटलशिप पर्ल हार्बरला मेली नाही

दरवर्षी ७ डिसेंबरला पर्ल हार्बरचे फोटो टाइमलाइनवर यायला लागतात आणि खाली कुणीतरी लिहितंच, "त्या सकाळी बॅटलशिपचा जमाना संपला." मला हे कधीच पटलेलं नाही. बॅटलशिपची जागा विमानवाहू नौकेने घेतली हे मान्य, पण ते त्या सकाळी ठरलं नाही.

१९४१च्या त्या दिवशी जपानी विमानांच्या हल्ल्यात आठ अमेरिकन बॅटलशिपना, म्हणजे जाड चिलखताच्या, मोठ्या तोफांच्या युद्धनौकांना मार बसला, हे खरं. पण त्या रविवारी सकाळी बंदरात बांधलेल्या होत्या, आणि युद्ध अजून जाहीर झालेलं नव्हतं. पाणी उथळ, म्हणून बुडालेल्याही वर काढता आल्या. आठपैकी सहा पुन्हा लढायला गेल्या. बॅटलशिपचा कैवारी म्हणू शकला असता, "दावणीला बांधलेल्या बैलाला मारलंत, त्यात काय? मोकळा सोडून बघा."

मोकळा बैल तीनच दिवसांनी सापडला.

१० डिसेंबर १९४१. सिंगापूरहून निघालेल्या दोन ब्रिटिश युद्धनौका मलायाच्या पूर्व किनाऱ्यावर, क्वांतानजवळ होत्या. 'प्रिन्स ऑफ वेल्स' त्याच वर्षी लढाईत उतरलेली, अगदी कोरी बॅटलशिप. 'रिपल्स' पंचवीस वर्षांची जुनी बॅटलक्रूझर, म्हणजे बॅटलशिपपेक्षा पातळ चिलखताची, पण वेगवान. सोबत चार विनाशिका. दिवस उजाडलेला, समुद्र खुला, तोफा भरलेल्या, खलाशी जागेवर. नव्हती ती फक्त डोक्यावर स्वतःची विमानं. 'इंडोमिटेबल' ही विमानवाहू नौका त्यांच्याबरोबर जायची होती, पण ती नोव्हेंबरात जमैकाजवळ जमिनीला घासली आणि दुरुस्तीला गेली. ती असती तर काय झालं असतं, यावर हौशी लोक अजून भांडतात. (मीही भांडतो.)

आजच्या व्हिएतनाममधल्या सायगाव परिसरातून उडालेली जपानी विमानं अकराच्या सुमाराला पोहोचली. जहाज बुडवलं ते बॉम्बने नव्हे, टॉर्पेडोने. बॅटलशिपचं सगळ्यात जाड चिलखत मुख्यतः समोरच्या बॅटलशिपचे गोळे अडवायला असतं. टॉर्पेडो येतो पाण्याखालून. 'प्रिन्स ऑफ वेल्स'ला एक टॉर्पेडो मागच्या बाजूला, डावीकडच्या पंख्याच्या दांड्यापाशी लागला. दांडा वाकला आणि फिरता फिरता त्याने आजूबाजूचं पोलाद फाडून काढलं. त्या वाटेने पाणी आत घुसलं, जहाज कललं, बरीचशी वीज गेली. वीज गेल्यावर पंप थांबले आणि विमानविरोधी तोफा वळेनात. म्हणजे एका घावाने जहाजाची चाल, तोल आणि बचाव, तिन्ही गेलं. पुढचे टॉर्पेडो मग सोपे होते. 'रिपल्स'च्या कॅप्टनने जहाज वळवून वळवून बरेच टॉर्पेडो चुकवले. शेवटी दोन्ही बाजूंनी एकदम आले, तेव्हा चुकवायला दिशाच उरली नाही. दुपारी दीडच्या आत दोन्ही जहाजं तळाला गेली. ८४० माणसं गेली. जपान्यांची तीन विमानं पडली.

आता माझ्याच मुद्द्यावरचा आक्षेप मीच सांगतो: ही विमानं जमिनीवरच्या तळांवरून आली होती. यात विमानवाहू नौकेचं काय? बरोबर आहे. त्या दिवशी सिद्ध झालं ते एवढंच, की सावध, पळती बॅटलशिपही विमानांपुढे टिकत नाही. पण सायगावचा तळ उचलून दुसरीकडे नेता येत नाही. विमानवाहू नौका म्हणजे तोच तळ, पण चालता. 'प्रिन्स ऑफ वेल्स'च्या तोफेचा पल्ला ३५ किलोमीटरच्या आसपास होता. पर्ल हार्बरवरची पहिली विमानं साडेतीनशेहून जास्त किलोमीटरवरून उडाली होती. म्हणजे बॅटलशिपने मारा करण्याइतकं जवळ यायचं, तर दिवसभर मार खात यायचं. मे १९४२ मध्ये कोरल समुद्रात दोन आरमारं लढली आणि एका बाजूच्या जहाजाने दुसऱ्या बाजूचं जहाज डोळ्यांनी पाहिलंसुद्धा नाही.

मात्र यात रात्र धरलेली नाही. तेव्हाची विमानं अंधारात जवळपास निकामी होती आणि तिथे बॅटलशिपची सत्ता अजून शिल्लक होती. नोव्हेंबर १९४२ मध्ये पॅसिफिकमधल्या ग्वादलकनाल बेटाजवळ 'वॉशिंग्टन' या अमेरिकन बॅटलशिपने रडारच्या मदतीने 'किरिशिमा' या जपानी बॅटलशिपला रात्रीच संपवलं. ऑक्टोबर १९४४ मध्ये फिलिपाईन्सच्या सुरिगाव सामुद्रधुनीत बॅटलशिपविरुद्ध बॅटलशिप अशी शेवटची लढाई झाली, तीही रात्री. तिथल्या सहा अमेरिकन बॅटलशिपपैकी पाच पर्ल हार्बरच्या होत्या. ज्यांचा 'जमाना संपला' म्हणतात, त्याच.

ब्रिटनची शेवटची बॅटलशिप 'व्हॅनगार्ड' १९६० मध्ये भंगारात गेली. महायुद्धात अर्धवट राहिलेली 'हर्क्युलीस' ही विमानवाहू नौका तोवर भारताने विकत घेतली होती आणि बेलफास्टला तिचं काम चाललं होतं. ४ मार्च १९६१ला तिच्यावर तिरंगा चढला. पुढे मुंबईत संग्रहालय झाल्यावर आपल्यापैकी कितीतरी जण जिच्या डेकवर फिरून आले, ती 'विक्रांत' हीच.